चाळीस फुटी रस्ता आणि पंचेचाळीस टक्के

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला आहे. तळमजला अधिक तीन मजले, चोवीस घरं, बांधकाम १९७४ सालचं. गेली सहा वर्षं मी तिची सचिव आहे आणि त्यातली दोन वर्षं पुनर्विकासात गेली. या काळात तांत्रिक व्यवहार्यता अहवाल, म्हणजे सगळे ज्याला फिजिबिलिटी रिपोर्ट म्हणतात तो, आम्ही कसा करून घेतला आणि त्यातल्या दोन मोजमापांनी आमचा सगळा हिशेब कसा बदलला, ते लिहिते आहे.

सुरुवात आम्ही उलट्या टोकाने केली. आधी विकासकाचं पत्र आलं, अहवाल नंतर. वॉर्डात दोन-तीन इमारती उभ्या केलेल्या एका विकासकाने समितीला भेटून प्रस्ताव ठेवला: प्रत्येक सभासदाला सध्याच्या कारपेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या जागेवर, पंचेचाळीस टक्के वाढीव जागा, कॉर्पस म्हणजे एकरकमी निधी, भाडं आणि छत्तीस महिन्यांत ताबा. सोबत चौदा मजली इमारतीचं रंगीत चित्र होतं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या फोनवर पोचलं आणि ‘पंचेचाळीस’ हा आकडा घराघरात बसला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तर नातवाची खोली कुठे येणार तेही ठरवून टाकलं.

तोच विकासक म्हणाला, ‘फिजिबिलिटी आम्हीच करून देतो, तुम्हाला एक पैसा खर्च नाही.’ समितीत यावर चांगलीच खडाजंगी झाली. ज्याला जागा विकायची आहे त्यानेच वजन करून द्यावं, हे मला पटत नव्हतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली पुनर्विकासाचे निर्देश आहेत, ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयातले. त्यात क्रम स्पष्ट दिला आहे. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी करायची, विशेष सर्वसाधारण सभा बोलवायची, सोसायटीने स्वतःचा वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नेमायचा, त्याचा अहवाल सभासदांनी वाचून लेखी सूचना द्यायच्या, मग निविदा, आणि विकासकाची निवड त्यानंतर. आम्ही मागे फिरलो आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. सल्लागाराच्या फीसाठी घरटी सहा हजार काढले. ‘फुकट मिळत होतं ते सोडून पैसे कशाला’ असं दोन-तीन घरांनी ऐकवलं. आज ती घरंही तसं म्हणत नाहीत.

सल्लागार पहिल्या दिवशी आल्या तेव्हा त्यांनी इमारतीकडे फारसं पाहिलंच नाही. मागितले ते कागद: प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हेचा नकाशा, अभिहस्तांतरणाचा दस्त, मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, महापालिकेचा डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात भूखंडाबद्दल काय दाखवलंय त्याचा दाखला, आणि स्ट्रक्चरल ऑडिट. मंजूर नकाशाची आमची प्रत वाळवीने अर्धी खाल्लेली निघाली. महापालिकेतून साक्षांकित प्रत मिळवण्यात तीन आठवडे गेले. हे कागद आधीच फाइलला लावलेले असते तर ते आठवडे वाचले असते.

ऑडिटबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सभेत सर्वांत मोठ्याने तेच बोललं जायचं: ‘इमारत धोकादायक आहे, आता मिळेल ते घ्या.’ आमच्या ऑडिटमध्ये खांबांची कोअर टेस्ट, अल्ट्रासॉनिक चाचणी आणि सळयांच्या गंजासाठी हाफसेल चाचणी झाली होती. निष्कर्ष सी-२बी, म्हणजे घरं रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. तातडीने पाडायच्या इमारतीचा वर्ग सी-१ असतो. आमच्या गच्चीखालच्या स्लॅबची आणि मागच्या बाजूच्या खांबांची अवस्था वाईट होती, ते खरंच. पण अहवालात दुरुस्तीचा अंदाजे खर्चही मांडला गेला, आणि आपण कोंडीत नाही, विचार करायला वेळ आहे, हे सभासदांना कागदावर दिसलं. विकासकाशी बोलताना याचा उपयोग झाला.

खरं काम सुरू झालं ते मोजणीच्या दिवशी. टोटल स्टेशन म्हणजे तिपाईवरची दुर्बीण. ती घेऊन दोन मुलं सकाळी सातला आली, आणि त्यांच्या मागून फिरायला मी आणि तळमजल्यावरचे काका. प्रॉपर्टी कार्डावर भूखंड १,२६४ चौरस मीटर आहे. रस्त्याच्या बाजूने लांबी चाळीस मीटर, ती बरोबर जुळली. पण खोली मोजताना मुलगा दोनदा थांबला. कार्डाप्रमाणे ३१.६ मीटर हवी होती, मागच्या कंपाउंडच्या भिंतीपर्यंत तीसच भरली.

काका भिंतीजवळ गेले आणि म्हणाले, ‘ही भिंत मूळची नाही.’ विटा खरंच वेगळ्या होत्या. आमच्या बाजूच्या दोन भिंती दगडी आणि मागची विटांची, वर सिमेंटचा गिलावा. त्या पलीकडे मागच्या सोसायटीचं गटार आणि कढीपत्त्याची दोन झाडं. ऐंशीच्या दशकात कधीतरी दोन सोसायट्यांनी मिळून पाणी तुंबू नये म्हणून गटार काढलं आणि भिंत आत घेतली, असं काकांना आठवत होतं. कागद कुठलाच नाही. चाळीस मीटर लांब, १.६ मीटर रुंद पट्टी, म्हणजे ६४ चौरस मीटर. चाळीस वर्षं त्या भिंतीवर आम्ही गोधड्या वाळत घातल्या आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही.

एफएसआय म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण, आणि ते मोजताना महापालिका कागदावरचं आणि जागेवरचं यातलं कमी असेल ते क्षेत्र धरते. आमच्यासाठी ते १,२०० झालं.

दुसरा धक्का रस्त्याने दिला. आमच्या समोरच्या रस्त्याला सगळे चाळीस फुटी रस्ताच म्हणतात. रिक्षावाल्याला तसंच सांगायचं, पाहुण्यांना पत्ता तसाच द्यायचा. नाक्यावरून निघतो तेव्हा तो आहेही चाळीस फूट, म्हणजे १२.२० मीटर. पण नाल्यावरची मोरी ओलांडली की तो अरुंद होतो, आणि आमचा भूखंड मोरीच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे. डीपी रिमार्कमध्ये आमच्या समोरची रुंदी ९.१५ मीटर आली, रुंदीकरणाची रेषा प्रस्तावित नाही. सल्लागारांनी तीन ठिकाणी फीत धरून खात्री करून घेतली. मोरीच्या आधी आणि नंतर असे दोन फोटो अहवालाला जोडले, ते सभेत सर्वांत जास्त वेळा दाखवावे लागले.

तीन मीटरच्या या फरकाचं एवढं महत्त्व का, ते मला त्या दिवशी कळलं. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीत उपनगरातल्या भूखंडाला मूळ एफएसआय एक आहे. त्यावर पैसे भरून, म्हणजे प्रीमियम देऊन, मिळणारा अर्धा, आणि बाजारातून टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचे बांधकामाचे हक्क, विकत घेऊन चढवता येतो तो वेगळा. हा टीडीआर किती, ते समोरच्या रस्त्याची रुंदी ठरवते. नऊ ते बारा मीटर रस्ता असेल तर ०.५, एकूण दोन. बारा ते अठरा मीटर असेल तर ०.७, एकूण २.२. नऊ मीटरच्या आत रस्ता असेल तर वरचं काहीच नाही, मूळ एकवरच थांबायचं. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका सोसायटीचं घोडं नेमकं इथेच अडलं आहे.

सल्लागारांनी फळ्यावर दोन हिशेब शेजारी शेजारी मांडले. मी ते वहीत उतरवून घेतले होते.

आधी आपला. १,२०० चौरस मीटरला दोन एफएसआय, म्हणजे २,४००. त्यावर नियम ३३(७)(ब) प्रमाणे जुन्या सोसायटीला प्रोत्साहनपर क्षेत्र मिळतं: सध्याच्या बांधकामाच्या पंधरा टक्के किंवा घरटी दहा चौरस मीटर, जे जास्त असेल ते. आमचं मंजूर बांधकाम १,१९० चौरस मीटर, त्याचे पंधरा टक्के साधारण १७८. चोवीस घरांचे २४०. म्हणून २४०. बेरीज २,६४०. त्यावर फंजिबल नावाचं पस्तीस टक्के जास्तीचं क्षेत्र, म्हणजे एकूण ३,५६४ चौरस मीटर बांधकाम. त्यातून बाहेरच्या भिंती वगैरे वजा जाऊन साधारण नव्वद टक्के कारपेट धरलं, तर सुमारे ३४,५०० चौरस फूट.

मग विकासकाचा. त्याने भूखंड कार्डावरचा १,२६४ धरला आणि रस्ता चाळीस फुटी. त्याच रीतीने गणित केलं की उत्तर येतं सुमारे ३९,५०० चौरस फूट.

पाच हजार चौरस फुटांचा फरक. त्यातले अठराशेच्या आसपास मागच्या भिंतीपायी आणि एकतीसशेच्या वर मोरीपायी. खोटं कोणीच बोललं नव्हतं. विकासकाच्या माणसाने कार्ड पाहिलं, रस्त्याचं नाव ऐकलं आणि गणित केलं. फीत घेऊन मोरीपलीकडे कोणी आलं नाही, एवढंच.

सभेत एका सभासदाने विचारलं, ‘फरक विकासकाचा आहे ना? त्याने पंचेचाळीस लिहून दिलंय, त्याचं तो बघेल.’ प्रश्न रास्त होता आणि बऱ्याच जणांच्या मनातला होता. सल्लागारांनी घाईने उत्तर दिलं नाही. त्यांनी आधी आमची सगळी कारपेट जागा लिहिली: ३८ चौरस मीटरची सोळा घरं आणि ५० ची आठ, मिळून १,००८ चौरस मीटर, म्हणजे १०,८५० चौरस फूट. एक टक्का वाढीव म्हणजे जवळजवळ १०८ चौरस फूट. पंचेचाळीस टक्के दिले तर आम्हाला १५,७०० च्या वर द्यायचे. विकासकाच्या समजुतीप्रमाणे त्याच्याकडे विकायला पावणेचोवीस हजार फूट उरत होते. प्रत्यक्षात उरणार होते पावणेएकोणीस हजार. विक्रीची जागा पाचवा हिस्सा घटली. खर्चात मात्र टीडीआर आणि प्रीमियम थोडं कमी झालं तरी आमची चोवीस घरं बांधणं, आमचं भाडं, कॉर्पस, कर्जाचं व्याज यातलं काहीच कमी होत नाही.

मग त्या म्हणाल्या, ‘हा फरक विकासकाला कधी कळतो माहीत आहे? नकाशे मंजुरीला टाकताना. तोवर तुम्ही करार केलेला असतो आणि कदाचित घरंही सोडलेली असतात. तेव्हा तो तुमच्याकडेच येतो, जागा कमी करा म्हणून. नाहीतर विक्री होत नाही म्हणून काम थांबवतो.’ सभागृहात कोणी काही बोललं नाही. आमच्याच वॉर्डात तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर थांबलेली एक इमारत आहे. तिथले सभासद चार वर्षं भाड्याच्या घरात आहेत, आणि भाडं येणं बंद होऊन दीड वर्ष झालं. आमच्यातल्या प्रत्येकाला ती इमारत ठाऊक होती.

टक्केवारीबद्दल आणखी एक गोष्ट होती, आणि ती आमच्याच घरात मोजून दाखवली म्हणून सगळ्यांना पटली. पंचेचाळीस टक्के, पण कशावर आणि कशाचे? जुन्या घराचं कारपेट म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत, खोलीखोलीची मोकळी फरशी. विकासक देणार ते रेरा कारपेट, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या व्याख्येतलं. त्यात आतल्या विभाजक भिंतींची जाडीही धरली जाते. माझं घर ४०९ चौरस फुटांचं. पंचेचाळीस टक्के धरले तर ५९३. नव्या नकाशात आतल्या भिंती मोजल्या तर पंचवीस-एक फूट त्यांतच गेले. पाय ठेवता येईल अशी जागा ५६८, म्हणजे वाढ एकोणचाळीस टक्क्यांच्या आत. यात लबाडी नाही, कायद्याची व्याख्याच तशी आहे. पण तुलना करताना दोन्हीकडे एकच माप हवं.

याला लागूनच बंद केलेल्या बाल्कन्यांचा वाद होता. लहान सोळा घरांपैकी अकरांनी बाल्कनी खोलीत घेतली आहे. त्यांचं म्हणणं, आजची जागा धरा. ज्यांनी घेतली नाही त्यांचं म्हणणं, मंजूर नकाशा धरा. सल्लागारांनी प्रत्येक घराचं मोजमाप घेतलं आणि दोन्ही रकाने छापले, पण शिफारस मंजूर नकाशाची केली. महापालिका ओळखते ती तीच जागा, आणि फंजिबल विनाशुल्क मिळतं तेही त्याच आधारावर. दोन बैठका यात गेल्या. एका कुटुंबाशी संबंध अजून पूर्वीसारखे नाहीत, याचं मला वाईट वाटतं. पण हा वाद विकासक यायच्या आधी मिटला, ते बरं झालं. नाहीतर त्याने एकेका घराशी वेगळी बोलणी केली असती.

चौदा मजल्यांच्या चित्राचंही सांगते. १,००० चौरस मीटरच्या वरच्या भूखंडात मनोरंजनासाठी मोकळी जागा सोडावी लागते. आमच्या मापाला ती पंधरा टक्के, म्हणजे १८० चौरस मीटर. चित्रात ती कुठेच नव्हती, आणि अग्निशमनाची गाडी आत वळेल अशी सहा मीटरची वाटही नव्हती. सल्लागारांनी ३,५६४ चौरस मीटर बसवून कच्चा नकाशा काढला तेव्हा इमारत स्टिल्टवर नऊ मजल्यांची झाली, उंची बत्तीस मीटरच्या आत. चित्रापेक्षा बुटकी, पण अग्निसुरक्षेचे उंच इमारतींचे नियम तिला लागत नाहीत आणि पुढे लिफ्ट-पंपांचा देखभाल खर्चही आवाक्यात राहतो.

अहवालाचा शेवटचा भाग पैशांचा होता. आमच्या गल्लीत नव्या घरांचा दर त्यांनी कारपेटला चोवीस हजार रुपये फूट धरला. त्या हिशेबाने सभासदांना दिलेला एक टक्का विकासकाला साधारण सव्वीस लाखांना पडतो. बांधकाम, प्रीमियम, टीडीआर, भाडं, व्याज धरून पाहिल्यावर तीस ते बत्तीस टक्क्यांपर्यंत प्रकल्प उभा राहत होता. पंचेचाळीसला नफ्याचा पदर इतका पातळ होत होता की दर थोडा जरी पडला तरी काम अडलं असतं.

अहवाल पंधरा दिवस कार्यालयात वाचायला ठेवला आणि मराठीत चार पानांचा गोषवारा घरोघर दिला. लेखी सूचना नऊ आल्या. त्यातली सगळ्यात महत्त्वाची काकांची होती: ती पट्टी परत मिळाली तर किती? हिशेब करून पाहिला तर ६४ चौरस मीटरमधून जवळजवळ पावणेसतराशे चौरस फूट कारपेट निघत होतं. म्हणजे सभासदांच्या जागेच्या पंधरा टक्के. कढीपत्त्याची दोन झाडं आणि एक गटार, आणि त्यात आमची हरवलेली पंधरा टक्के.

वकिलांनी मात्र सावध केलं. मालकी कार्डावर आमचीच आहे, पण ताबा बारा वर्षांहून जास्त काळ मागच्या सोसायटीकडे आहे, तेव्हा ते प्रतिकूल ताब्याचा दावा करू शकतात. कोर्टात गेलो तर पुनर्विकास त्या दाव्याला बांधला जाईल. म्हणून सरकारी मोजणीचा अर्ज टाकला आणि मागच्या सोसायटीच्या सचिवांना चहाला बोलावलं. त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला, मग म्हणाले, ‘आमची इमारतही एकोणऐंशीची आहे हो. आम्हालाही मोजून घ्यायला हवं.’ बोलणी चालू आहेत. गटाराला पर्यायी वाट काढून दिली तर भिंत सरकवायला त्यांची तयारी दिसते, लेखी अजून काही नाही.

निविदा काढताना एक गोष्ट आम्ही आग्रहाने केली. भूखंड १,२०० चौरस मीटर, रस्ता ९.१५ मीटर, सभासदांचं कारपेट मंजूर नकाशाप्रमाणे १,००८ चौरस मीटर, हे तीन आकडे आम्हीच छापले, आणि वाढीव जागा रेरा कारपेटमध्येच लिहायची अट घातली. पट्टी बांधकाम परवानगीच्या आधी परत मिळाली तर वाढणाऱ्या जागेत सोसायटीचा हिस्सा किती, त्यासाठी वेगळा रकाना ठेवला. मोजणीचा नकाशा आणि मोरीचे फोटो सोबत जोडले.

पाच निविदा आल्या. सगळ्या अठ्ठावीस ते बत्तीस टक्क्यांच्या दरम्यान होत्या. त्यात पंचेचाळीसवाला विकासकही होता, आता एकतीसवर. बत्तीसवाल्याची आर्थिक कागदपत्रं अपुरी निघाली. उपनिबंधकांच्या अधिकाऱ्यासमोर, चित्रीकरणासह सभा झाली तेव्हा चोवीसपैकी बावीस सभासद हजर होते. निवडीला एकूण सभासदांपैकी एक्कावन्न टक्के, म्हणजे तेरा मतं लागत होती. एकतीसच्या प्रस्तावाला एकोणीस मिळाली.

आजींचं मत त्या एकोणिसांत होतं. त्यांच्या ४०९ फुटांचे आता ५३६ होतील. नातवाच्या खोलीसाठी त्यांनी सल्लागारांकडून कच्च्या नकाशाची एक प्रत मागून घेतली आणि तिच्यावर पेन्सिलीने पलंग काढून पाहिला. बसला, पण कपाट दाराआड गेलं.